उचलायला हलकी भेट

रमजान सुरू झाला की आपल्या वस्तीत देणाऱ्यांचे हात मोकळे होतात. जकातीचा हिशेब निघतो, शिध्याच्या पिशव्या भरल्या जातात, कोणाच्या घरी काय पोहोचवायचे याच्या याद्या होतात. ही या महिन्याची बरकत आहे. पण अशा यादीत आपल्या जवळच्या मित्राचे नाव लिहिताना आपला हात थोडा थांबायला हवा. आमचा थांबला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझा एक मित्र भिवंडीकडच्या एका गोदामात सतरा वर्षे स्टॉकचे काम पाहत होता. शाबान महिन्यात त्याची नोकरी गेली. तरावीहला आम्ही पाच-सहा जण वर्षानुवर्षे एकाच सफमध्ये उभे राहतो, तोही त्यातलाच. आम्ही वर्गणी काढली आणि शिध्याचे मोठे किट घेतले. त्यात तांदूळ, तेल, डाळी, शेवया, खजूर असे सगळे होते. वर एकाने यशस्वी माणसांच्या गोष्टींचे एक पुस्तक ठेवले. पहिल्या रोज्याच्या आदल्या संध्याकाळी दोघे जण ते त्याच्या घरी देऊन आले. दार त्याच्या मुलाने उघडले. मित्र बाहेर आला, शुक्रिया म्हणाला, चहाचा आग्रह केला. दुसऱ्या दिवशी तो आमच्या सफमध्ये नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. मग कळले की तो दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मशिदीत तरावीहला जातो आहे.

आमची नियत वाईट नव्हती, चूक वेगळीच होती. मित्राला भेट देताना आपण मदत देत होतो आणि मदत देताना तिला भेट म्हणत होतो. या दोन गोष्टी दीनमध्येही वेगळ्या आहेत. एकीला सदका म्हणतात, दुसरीला हदिया. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे खाण्याचे काही आले की ते आधी विचारत, हा सदका आहे की हदिया? सदका असेल तर तो सोबत्यांना द्यायला सांगत आणि स्वतः खात नसत. हदिया असेल तर सगळ्यांबरोबर बसून खात. बुखारी शरीफमध्ये ही हदीस आहे. वस्तू तीच, पण तिच्यामागचे नाते बदलले की तिचा अर्थ बदलतो. सदका गरजेकडे पाहून दिला जातो, हदिया माणसाकडे पाहून. आम्ही मित्राकडे न पाहता त्याच्या स्वयंपाकघराकडे पाहिले होते.

त्यातही एक गोष्ट आम्ही तपासलीच नव्हती. नोकरी गेली म्हणजे माणूस लगेच जकातीचा हकदार होत नाही. साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे 612 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी शिल्लक ज्याच्याजवळ आहे, त्याला सहसा जकात घेता येत नाही. सतरा वर्षे कमावलेल्या माणसाजवळ तेवढे असू शकते. आणि खरोखर गरज असेल तर जकात देताना ती जकात आहे असे घेणाऱ्याला सांगण्याची सक्ती नाही. ती शांतपणे, एकाच्या हातून, दुसऱ्या दिवशी पोहोचवता येते. भेटीच्या पिशवीत ती मिसळायची गरज नसते.

पंधरा दिवस मी विचार करत राहिलो. मग आठवले की दर चांदरातीला हा मित्र माझ्यासाठी अत्तराची एक लहान बाटली आणतो. पंधरा वर्षे झाली, एकही ईद चुकलेली नाही. अत्तरातले आमच्यात त्याच्याएवढे कोणालाच कळत नाही. मोहम्मद अली रोडच्या दुकानांत त्याला ओळखणारे लोक आहेत. मी फोन केला आणि म्हणालो, ‘‘यार, भावाच्या घरी ईदला अत्तर न्यायचे आहे. मला निवडता येत नाही. येतोस का?’’ तो लगेच म्हणाला, ‘‘तू एकटा गेलास तर तुला फसवतील.’’

आम्ही जोहरची नमाज पढून मुंब्र्याहून निघालो. दुपारची वेळ मी मुद्दाम निवडली होती. संध्याकाळी तिथे गेलो असतो तर इफ्तारचे बिल कोण देणार यावरून आमची ओढाताण झाली असती. दिवसा दोघांचाही रोजा, त्यामुळे चहापाण्याचा प्रश्नच नव्हता. रिटर्न तिकिटे मी आधीच काढली होती. मस्जिद स्टेशनला उतरून आम्ही चालत गेलो. वाटेत मी नोकरीचा विषय काढला नाही आणि ‘सगळे ठीक होईल’ असेही म्हणालो नाही. काय ठीक होणार आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

दुकानात तो वेगळाच माणूस झाला. मी पहिल्याच बाटलीला छान म्हणालो, तर त्याने हात धरून थांबवले. अत्तर बाटलीला नाक लावून घ्यायचे नसते, तो म्हणाला. मनगटाच्या आतल्या बाजूला काडी टेकवायची, चोळायचे नाही, आणि दुकानाबाहेर पडून एक चक्कर मारायची. जे अत्तर लावताक्षणी डोक्यात जाते आणि अर्ध्या तासात मरते, त्यात वर नुसता वास ओतलेला असतो. चांगले अत्तर हळूहळू उलगडते, अर्ध्या तासाने त्याचा वास पहिल्यापेक्षा वेगळा आणि खोल लागतो. एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त वास घेऊ नयेत, नाक थकते आणि मग सगळे सारखेच वाटते. गुलाबाचे अत्तर अगदी स्वस्तात मिळत असेल तर ते फुलांपासून झालेले नसते, कारण थोड्याशा तेलासाठी फुलांचे ढीग लागतात. ते वापरू नये असे नाही, पण फुलाचे म्हणून घेऊ नये.

कनोजला अत्तर कसे काढतात तेही त्याने सांगितले. तांब्याच्या देगमध्ये फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरते. भपका पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो आणि त्यात चंदनाचे तेल असते, ते सुगंध धरून ठेवते. रोज नवी फुले घालून हेच पुन्हा पुन्हा करतात. चंदन महागल्यापासून बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन आले. त्याचा स्वतःचा वास नसतो, आणि चंदनाचा तो मऊपणा त्याला येत नाही. दुकानदार ऐकत होता, मधूनच मान हलवत होता. एकदा त्याने मागच्या कपाटातली बाटली काढून खास मित्रापुढे ठेवली. मला वाटते, कित्येक दिवसांनी कोणी त्याचे मत विचारले होते.

भावासाठी त्याने हिना सुचवला नाही. ‘‘हिना गरम, तो थंडीचा. आता उन्हाळा लागेल, खस घे.’’ खसचे अत्तर वाळ्याच्या मुळ्यांपासून निघते. पाणी मारलेल्या वाळ्याच्या पडद्याजवळ बसावे तसा त्याचा वास. मी दुकानदाराला म्हणालो, ‘‘सहा मिलीच्या दोन बाटल्या बांधा. एक भावाची, एक याची.’’ मित्राने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘‘पंधरा ईदी तुझ्याकडून घेतल्यात. यंदा माझी पाळी.’’ तो एवढेच म्हणाला, ‘‘माझी आता कुठे झाली?’’ आणि बाटली खिशात ठेवली.

हे वाक्य मी आधी ठरवून ठेवले होते, पण ते खोटे नव्हते. म्हणूनच त्याला ते घेता आले असावे. बाटलीही मी मोठी घेतली नाही. दर ईदला आमच्यात जेवढे देणेघेणे होते, तेवढीच घेतली. नोकरी गेल्यावर एकाएकी महागडी भेट आली की तिचे कारण माणसाला न सांगता कळते. आणि भेटीची परतफेड करण्याची आपली रीत आहे. जी परत करता येणार नाही ती भेट कर्जासारखी घरात बसून राहते.

प्रत्येकाच्या मित्राला अत्तर आवडेलच असे नाही. पण निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. वस्तू वापरायला आणखी पैसे लागतात का? कुर्त्याचे कापड दिले की शिलाई त्याच्या अंगावर पडते, हॉटेलचे कूपन दिले की उरलेले बिल त्यालाच भरावे लागते. दुसरे, त्याची नोकरी असती तरी हीच भेट दिली असती का? पाकीट, ऑफिसची बॅग, मुलाखतीच्या तयारीचे पुस्तक यांचे उत्तर बहुतेक वेळा नाही असे येते. कोणी सुगंधी फूल पुढे केले तर नाकारू नये, कारण ते उचलायला हलके आणि वासाला चांगले असते, अशा अर्थाची एक हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. संकटातल्या मित्राची भेट निवडायला मला ही कसोटी पुरेशी वाटते. ती उचलायला हलकी असावी.

परतीच्या गाडीत नोकरीचा विषय त्यानेच काढला. कुठे अर्ज केला आहे, काय करायचे नाही असे ठरवले आहे, हे मुंब्रा येईपर्यंत सांगत राहिला. मी ऐकले आणि सल्ला दिला नाही. तो त्याने मागितलाही नाही.

दोन दिवसांनी तो तरावीहला आमच्या सफमध्ये येऊन उभा राहिला. किटबद्दल तो काही बोलला नाही, आम्हीही नाही. आणि ईदच्या सकाळी ईदगाहच्या बाहेर त्याने खिशातून तीच बाटली काढली. कापसाचे लहान लहान फाये त्याने घरून करून आणले होते. एकेक फाया खसमध्ये बुडवून त्याने आम्हा प्रत्येकाच्या कानाच्या घडीत ठेवला, किट देऊन आलेल्या त्या दोघांच्याही. शिध्याच्या पिशवीतून त्याला कोणाला काही देता आले नसते. या सहा मिलीतून त्याने त्या सकाळी आम्हा सगळ्यांना दिले, आणि बाटली अजून बरीच भरलेली होती.