सगळे एकदम कित्याक बोलतत?

परवा मालवण तालुक्यातल्या एका शाळेतून माझी मावशी निवृत्त झाली. गावाची ती 'बाई'. मुंबई-पुण्यापासून मस्कतपर्यंत पांगलेल्या सोळा माजी विद्यार्थ्यांनी फोनवरून शुभेच्छांच्या क्लिपा धाडल्या आणि मी त्यांचा चार बाय चार चौकटींचा व्हिडिओ केला. (हो, आज ज्यावर तोंडसुख घेतोय तो उद्योग माझाच!) निरोप समारंभात टाळ्या पडल्या. मावशी मात्र हळूच म्हणाली, "मेल्या, माका कोणाचाच धड आयकाक येवक नाय. सगळे एकदम कित्याक बोलतत?"

खरंच होतं तिचं. पडदा सहा फुटी, म्हणजे एक चौकट दीड फुटाची. पण सगळ्यांनी फोन उभा धरलेला. आडव्या चौकटीत उभं चित्र पूर्ण बसवलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे, आणि माणूस उरतो जेमतेम अर्धा फूट रुंद. बाईंनी ओळखायचं कोणाला?

आवाजाची गत त्याहून वाईट. मी वापरलेल्या ffmpeg मधला amix सोळा आवाज मिसळताना प्रत्येकाला सोळाव्या हिश्श्यावर आणतो, नाहीतर बेरीज होऊन आवाज फाटेल. तो वाढवावा तर सोळा घरांतले पंखे आणि टीव्हीही वाढतात. एकेक क्लिप संपली की ती चौकट शेवटच्या चित्रावर गोठते (फोन बंद करायला झुकलेला, डोळे अर्धवट मिटलेला चेहरा) आणि उरलेल्यांचा आवाज चढतो. त्यामुळे जो सर्वांत लांबण लावतो तोच शेवटी ऐकू येतो. आमच्याकडे स्पष्ट ऐकू आलेलं एकमेव वाक्य होतं, "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो."

कोणी म्हणेल, एरिक व्हिटेकरने 2010 साली 12 देशांतल्या 185 गायकांचे व्हिडिओ जोडून समूहगान केलंच ना? केलं. पण ते सगळे एकच गाणं, एकाच हातवाऱ्यांच्या तालावर गात होते. तिथे आवाज एकमेकांत मिसळणं हाच हेतू होता. निरोपात प्रत्येकाचं सांगणं वेगळं असतं. ते मिसळलं की उरतो तो बाजारातला गलका.

"एकामागून एक लावलं तर लांबतं," हा दुसरा आक्षेप. सोळा जण, प्रत्येकी पंधरा सेकंद, म्हणजे चार मिनिटं. कुठल्याही पाहुण्याच्या भाषणापेक्षा कमीच! मग शेवटी पाच सेकंद सगळे चौकटीत नमस्कार करताना दाखवा, आवाज बंद ठेवून. तेही फोन उभे असतील तर आठ बाय दोन मांडा. माणूस जवळपास पाऊण फूट रुंद दिसतो.

दुसऱ्या दिवशी मावशीला एकेक क्लिप सुटी दाखवली. मस्कतच्या मुलाने सांगितलं होतं की पावसात भिजलेल्या त्याच्या वह्या बाईंनी चुलीवर धरून सुकवल्या होत्या. अठरा सेकंदांची क्लिप. मावशीने ती तीनदा लावायला सांगितली.

समारंभात ती पंधरा जणांखाली गाडली गेली होती. गाडणारा मी.