वहीतील बाकी संगणकात नेताना

आमच्या फर्निचर, शिलाई आणि फॅब्रिकेशनच्या कारखानदार बांधवांत सध्या ऑर्डर सांभाळणारे सॉफ्टवेअर घेण्याची लाट आहे. घ्यावे, त्याला विरोध नाही. पण सॉफ्टवेअर विकणारा "तुमचा दहा वर्षांचा सगळा जुना हिशेब भरून देतो" असे म्हणतो तेव्हा त्याला नम्रपणे नको म्हणावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुरी झालेली आणि पैसे मिळून गेलेली ऑर्डर संगणकात आणून काय मिळणार? हजारो नोंदी भरल्या जातील, त्यांत चुका होतील, आणि त्या तपासणार कोण? उलट जुनी बिले नवीन विक्री म्हणून चढली तर त्या महिन्याची विक्री फुगून दिसेल आणि जीएसटीच्या विवरणपत्राशी ताळमेळ बसणार नाही. म्हणून एक दिवस ठरवावा. 31 मार्चची संध्याकाळ सर्वांत सोयीची. त्या दिवशी जी ऑर्डर अपुरी आहे आणि ज्या गिऱ्हाइकाचे येणे-देणे शिल्लक आहे, तेवढेच आत न्यावे.

खरी फसगत होते ती बयाण्यात. समजा, एका गिऱ्हाइकाकडे जुन्या कपाटाच्या बिलाचे 6,500 रुपये येणे आहेत. त्याने आता 40,000 रुपयांच्या पलंगाची ऑर्डर देऊन 15,000 रुपये बयाणा दिला आहे. वहीत त्याच्या पानावर 6,500 नावे आणि 15,000 जमा, म्हणजे निव्वळ 8,500 जमा दिसतात. भरणारा मुलगा सुरुवातीची बाकी म्हणून 8,500 जमा लिहितो. नंतर अपुऱ्या ऑर्डरींची यादी घेतो आणि पलंगाच्या ऑर्डरपुढे पुन्हा 15,000 बयाणा टाकतो. त्याच्या दृष्टीने दोन्ही कागद बरोबरच असतात. पण पलंग पोचवून बिल काढले की संगणक 16,500 रुपये येणे दाखवतो. खरे येणे 31,500 आहे. पंधरा हजार रुपये गेले, आणि गिऱ्हाईक प्रामाणिक नसेल तर तो कळवणारही नाही.

यावर उपाय असा की निव्वळ आकडा कधीच चढवू नये. 6,500 रुपये जुन्या बिलाचा नंबर आणि तारीख घालून नावे टाकावेत. बयाणा फक्त एकदा, त्या ऑर्डरशी जोडून, जमा करावा. मग संगणकातील त्याची बाकी 8,500 जमा येते का, हे वहीशी ताडून पाहावे.

बिलाची मूळ तारीख घालण्याचा आग्रह उगाच नाही. सगळी बाकी 1 एप्रिलची म्हणून टाकली तर अडीच वर्षे थकलेला आणि परवा माल नेलेला, दोघे एकाच रांगेत बसतात. मुदत कायद्याप्रमाणे उधारीच्या मालाच्या वसुलीसाठी साधारण तीन वर्षांत दावा करावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली तर मुदत नव्याने मोजली जाते. कोणाची मुदत सरत आली आहे हे कळायला तारीख हवीच. एक्सेलमधून यादी घेताना 05/04 ही 5 एप्रिल आहे की 4 मे, हेही दहा-वीस नोंदी वहीशी पडताळून पाहावे. दिवस-महिन्याची ही अदलाबदल नजरेस सहज येत नाही.

शेवटी बेरीज. वहीतील सर्व नावे बाक्यांची एक आणि सर्व जमा बाक्यांची दुसरी, अशा दोन बेरजा हाताने काढून मालकाने स्वतःजवळ ठेवाव्यात. संगणकातील दोन बेरजा त्यांच्याशी रुपयापर्यंत जुळल्या पाहिजेत. न जुळल्यास मुनीमजींची जुनी युक्ती कामी येते. फरक 9 ने भागला जात असेल तर 5,400 च्या जागी 4,500 असे अंक उलटे पडल्याचा संशय घ्यावा. एक बेरीज जितक्याने कमी आणि दुसरी तितक्यानेच जास्त, तर ती रक्कम असलेले पान शोधावे. ती चुकीच्या बाजूला गेलेली असते. अर्थात, बेरीज जुळली तरी एका अब्दुल रहमानचे येणे दुसऱ्या अब्दुल रहमानच्या नावे गेलेले असू शकते. ते बेरजेत दिसणार नाही. त्यासाठी मोबाइल नंबराने गिऱ्हाईक ओळखावे आणि प्रत्येकाला बाकीची चिठ्ठी पाठवून त्याची कबुली घ्यावी. ज्याचे नाही त्याच्याकडे मागणे आपल्यालाही जड जाईल.

पहिला महिनाभर वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत. वह्या तर रद्दीत घालूच नयेत. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात, आणि गिऱ्हाइकाची सही असलेले पान तर त्याची बाकी फिटेपर्यंत कपाटातच राहू द्यावे.