पॉवर टिलर विकताना मी कुठे चुकलो

आमच्या नाट्याचा पॉवर टिलर अखेर गेला. ओएलएक्सवर 9 आठवडे जाहिरात होती. 85 हजारांपासून सुरुवात केली, सौदा 58 हजारांवर तुटला. मधल्या चुका लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जाहिरात टाकली. फोन बरेच आले, "दादा, फायनल किती?" एवढंच विचारून बंद. बघायला कोणी येईना. मी घाबरून दर आठवड्याला हजार-हजार उतरवत गेलो. ही पहिली चूक. ज्याने जाहिरात धरून ठेवलीय तो बघतो, हा रोज उतरतोय, मग थांबूया की अजून. उतरवायचंच तर तीन आठवड्यांनी एकदाच, पण डोळ्यात भरेल इतकं.

त्याआधी अडलंय कुठे ते बघा. फोनच नाहीत, तर किंमत जास्त. फोन आहेत पण माणूस येत नाही, तर माहिती अपुरी. माझं तेच होतं. थंड इंजिन एका झटक्यात सुरू होतानाचा व्हिडिओ टाकला आणि त्याच आठवड्यात दोघं आले. माणूस येऊन बघून परत जातो, तर दोष यंत्रात आहे. तो दुरुस्त करा, नाहीतर सांगून तेवढे पैसे कमी करा.

त्या दोघांतल्या एकाने मे मध्यावर 66 हजार सांगितले. मी 75 वर अडून बसलो. आपल्याकडे टिलरला गिऱ्हाईक चिखलणीपर्यंतच. रोहिणीत फोन वाढले, मृगात कमी झाले, आर्द्रा लागली तशी लोकांनी भाड्याने टिलर लावून खाचरं उरकायला घेतली.

मग कागद घेऊन बसलो. पुढच्या मे महिन्यात फार तर 60 हजार येतील. तोवर अडकलेल्या पैशाचं व्याज सुमारे 5 हजार. खाऱ्या वाऱ्यात वर्षभर उभ्या यंत्राला गंज धरणार, ऑइल, सील, पाइप मिळून 3 हजार. म्हणजे पुढच्या वर्षीचे 60 आज 52 हजारच. त्याच्या वर कोणी दिले की द्यायचा, असं ठरवलं. चौथ्या दिवशी 58 वाला आला. गेलेले 66 मनात घोळत होते, पण ते आता कोणी देणार नव्हतं. दिला.

माझं मत सरळ आहे. हा 52 चा आकडा जाहिरात टाकायच्या दिवशीच काढायला हवा होता. तो हातात असता तर 66 ला नाही म्हटलंच नसतं. अवजाराची किंमत कॅलेंडरवर नाही, हंगामावर उतरते. टिलर आर्द्रेआधी, फवारणी पंप आंब्याला मोहोर येण्याआधी. हंगाम संपत आला आणि समोरचा तुमच्या आकड्याच्या वर आहे, तर वाट बघणं तिथेच थांबवा.

आणि हो, अनुदानावर घेतलेलं यंत्र असेल तर विक्रीची अट आधी वाचा.