‘सही नको डॉक्टर, फक्त कागद तेवढा नीट करून द्या’

आपल्या किनाऱ्यावर, उरणपासून श्रीवर्धनपर्यंत, गावोगाव कुणी ना कुणी बोटीवर असतो. मासेमारीच्या नाही, मालवाहू जहाजावर. त्यामुळे माझ्यासारख्या जनरल फिजिशियनकडेही ‘शिपिंगचं मेडिकल’ हा विषय वरचेवर येतो. आज त्यातल्याच एका मागणीबद्दल लिहितो. खोटा दाखला द्या, असं मला आता फारसं कुणी म्हणत नाही. आता लोक म्हणतात, “दाखला तयार आहे, तुमची सही-शिक्का काही नको. इंग्रजी तेवढं तपासा, मेडिकलचे शब्द बरोबर आहेत का बघा.” ऐकायला हे अगदी साधं वाटतं. मी मात्र नाही म्हणतो. का, ते सांगतो.

आधी खरा दाखला कसा तयार होतो ते पाहू. जहाजावर जायचं तर वैद्यकीय तपासणीचा दाखला लागतो आणि तो कोणताही एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर देऊ शकत नाही. मीही देऊ शकत नाही. नौवहन महासंचालनालयाने, म्हणजे ज्याला सगळे ‘डीजी शिपिंग’ म्हणतात त्या कार्यालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी आहे. त्या यादीतल्या डॉक्टरनेच तपासून तो द्यायचा असतो. खलाशांच्या कामाबद्दलचा 2006 सालचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्यानुसार हा दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी एकच वर्ष. रंगदृष्टीची नोंद मात्र सहा वर्षांपर्यंत धरता येते. नजर, ऐकू येणं, जिथे कामाला गरज आहे तिथे रंग ओळखणं, आणि समुद्रावर बळावेल किंवा इतरांना धोक्यात घालेल असा आजार नसणं, या गोष्टी त्यात डॉक्टरने स्वतः तपासून लिहायच्या असतात.

अशा दाखल्यामागे नोंद असते. साध्या रजेच्या दाखल्याचंही तसंच आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात की, दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद वहीत ठेवायची, प्रत जपायची, रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि अंगावरची एक तरी ओळखखूण लिहून घ्यायची. म्हणजे तुमच्या हातात असतो तो कागद हे नुसतं पान, त्याचं मूळ दाखला देणाऱ्या डॉक्टरच्या दप्तरात असतं.

आता एक प्रसंग. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एक मामा भाच्याचा कागद घेऊन आले. भाचा विशीच्या आतला, बारावी झालेला. बोटीवर पाठवणाऱ्या एजंटाला बरीच रक्कम देऊन झालेली. कागदावर वरती राजमुद्रेसारखं चित्र, त्याखाली डीजी शिपिंगचं नाव, मग मुलाचं नाव आणि तपासण्यांचा तक्ता. “एजंटने फॉरमॅट दिलाय, डॉक्टरसाहेब,” मामा म्हणाले. “टाइप करणाऱ्याने स्पेलिंगची वाट लावलीय. तुम्ही तेवढं दुरुस्त करा, प्रिंट आम्ही काढतो.”

कागद वाचल्यावर स्पेलिंगच्याही आधी इतर गोष्टी डोळ्यांत भरल्या. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्याची होती, पण निकाल सगळे भरलेले. रक्तदाब बरोबर 120/80, नाडी बरोबर 72. खऱ्या माणसाचा रक्तदाब इतका पुस्तकातल्यासारखा क्वचितच येतो. 118/76 असतो, 126/82 असतो. श्रवणशक्तीसमोर नुसतं ‘ओके’. डॉक्टरच्या मान्यता क्रमांकाची जागा भरलेली, पण डॉक्टरचं नाव रिकामं. तळाशी गोल शिक्का होता, तो शाईचा नव्हता. दुसऱ्या कुठल्यातरी कागदावरून स्कॅन करून चिकटवलेला, कडेला करड्या चौकटीची पुसट रेघ राहिलेली. रंगदृष्टीसमोर ‘नॉर्मल’, आणि इशिहारा चाचणीचं नाव भलत्याच स्पेलिंगमध्ये.

मी मामांना एक उपाय सुचवला. मुलाला फक्त फॉर्म कसा असतो ते समजावं, तयारी करता यावी, एवढंच हवं असेल तर मी आत्ता बसून मदत करतो. राजमुद्रा काढा, डीजी शिपिंगचं नाव काढा, क्रमांक आणि शिक्का काढा, निकालाचे रकाने रिकामे करा आणि पानावर तिरकं मोठ्या अक्षरात ‘नमुना’ लिहा. मग प्रत्येक चाचणी काय असते ते मी बाजूला मराठीत लिहून देतो. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पण मग त्याचा उपयोग काय?”

या उत्तराने माझ्यापुरता प्रश्न सुटला. तुम्हालाही कधी शंका आली तर हाच प्रश्न विचारून बघा. ज्या कागदावर ‘नमुना’ लिहिलं की त्याचा उपयोगच संपतो, तो कागद खरा समजला जावा म्हणूनच बनवलेला असतो.

“पण तुम्ही सही कुठे करताय?” हा पुढचा प्रश्न. बरोबर आहे, खोट्या दाखल्यावर सही करणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत वेगळं कलम आहे, 234. पण खोटा दस्तऐवज तयार करणं (कलम 336) आणि तो खरा म्हणून वापरणं (कलम 340) हेही गुन्हे आहेत आणि त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. राजमुद्रेच्या गैरवापराचा 2005 चा कायदा आणखी निराळा. पण खरं सांगतो, कलमं नसती तरी मी नाहीच म्हटलं असतं. कारण त्या कागदावरच्या चुका हीच त्याची एकमेव प्रामाणिक गोष्ट होती. भरती करणाऱ्या कंपनीतला माणूस, बंदरावरचा तपासनीस, जहाजाचा कॅप्टन यांच्यासमोर मूळ दप्तर नसतं, कागद असतो. चुकलेलं स्पेलिंग, ‘ओके’, ठोकळेबाज 120/80 बघून त्यांना शंका येते आणि मग ते फोन करून क्रमांक पडताळतात. मी त्या चुका काढल्या असत्या, तर एका एमडी डॉक्टरचं ज्ञान ती शंका पुसायला वापरलं गेलं असतं. सहीशिवायही ती सहीच झाली असती.

आणि यात खरोखर काय पणाला लागलं होतं, ते पुढच्या दहा मिनिटांत कळलं. मुलाला मी बाहेरून आत बोलावलं आणि इशिहाराचं पुस्तक समोर ठेवलं. हे रंगीत ठिपक्यांच्या पानांचं पुस्तक, ठिपक्यांत आकडे दडलेले. पहिल्या पानावरचा 12 सगळ्यांनाच दिसतो, त्यालाही दिसला. दुसऱ्या पानावर 8 असतो, तो म्हणाला 3. पुढे 29 आहे तिथे त्याने 70 वाचलं, अगदी आत्मविश्वासाने. लाल-हिरव्या रंगांत गोंधळ असणाऱ्यांना नेमकं हेच दिसतं. चाचणी तशीच रचलेली आहे. मामांनी सहज पुस्तकात डोकावलं. त्यांनाही 3 च दिसला! हा दोष आईकडून मुलाकडे येतो, त्यामुळे मामा-भाच्यांची अशी जोडी आम्हा डॉक्टरांना नवी नाही. मामांना मात्र पन्नाशीपर्यंत पत्ता नव्हता.

रोजच्या जगण्यात याने फारसं अडत नाही. समुद्रावर रात्री अडतं. मांडव्याच्या किंवा रेवसच्या धक्क्यावर अंधार पडल्यावर उभे राहिलात तर दिसेल, जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. समोरच्या जहाजाचा फक्त लाल दिसला, तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे. फक्त हिरवा दिसला तर उजवी. दोन्ही एकदम दिसले तर ते सरळ तुमच्या अंगावर येतंय. अंधारात जहाजाचा आकार दिसत नाही, कुणी वळायचं आणि कुणी आपल्या वाटेने जायचं हे त्या दिव्यांच्या रंगावरून ठरतं. मुंबई बंदराच्या वाटेवरचे बोये असेच लाल-हिरवे. पहाऱ्यावरच्या मुलाला हे दोन दिवे सारखेच दिसत असतील, तर त्याच्या दाखल्यावरच्या ‘नॉर्मल’ या एका शब्दावर अख्ख्या जहाजावरची माणसं झोपलेली असतात.

मग त्याला मी काय दिलं? माझ्या लेटरहेडवर साधी चिठ्ठी, मान्यताप्राप्त डॉक्टरच्या नावे. त्यात तपासणीची तारीख, इशिहारामध्ये कुठल्या पानांवर काय वाचलं ते, दूरची नजर, रक्तदाब (तो 124/78 निघाला), आणि ‘हा तंदुरुस्तीचा दाखला नाही’ असं स्पष्ट वाक्य. माझ्या वहीत नोंद, त्याची सही आणि हनुवटीवरची खूण. नेत्रतज्ज्ञाकडून दोष किती तीव्र आहे हे पाहून घ्यायला सांगितलं, कारण इशिहारात चुकलेल्या प्रत्येकाचा दोष सारखा नसतो.

अशा मुलांच्या घरच्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. मान्यताप्राप्त डॉक्टरने अपात्र ठरवलं किंवा कामावर मर्यादा घातली, तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून पुन्हा तपासून घेण्याचा हक्क त्याच 2006 च्या कराराने दिलेला आहे. तो वापरा. आणि रंगदृष्टीची अट त्या करारात, ज्या कामावर रंग न ओळखण्याचा परिणाम होऊ शकतो अशा कामांसाठी आहे. जहाजावर स्वयंपाकघरही असतं आणि खलाशांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था बघणारी माणसंही. आपल्या मुलाला अशा कामासाठी मर्यादित दाखला मिळेल का, हे मान्यताप्राप्त डॉक्टरलाच विचारा, एजंटला नाही.

कुणाचा मूळ दाखला हरवला असेल, पाण्यात भिजला असेल, तर त्याचीही नक्कल टाइप करून आणू नका. ज्यांनी तपासलं त्यांच्या दप्तरात नोंद आहे, तिथून मागा. एजंटने आधीच भरलेला दाखला हातात ठेवला असेल, तर त्यावरचं डॉक्टरचं नाव डीजी शिपिंगच्या यादीत शोधा आणि त्या दवाखान्यात स्वतः फोन लावा. एजंटने दिलेल्या नंबरवर नको.

आणि घरात आईच्या वडिलांना किंवा भावाला रंगांत गोंधळ असेल, तर शिपिंगच्या कोर्सची फी भरण्याआधी मुलाला घेऊन या. पुस्तक माझ्या टेबलाच्या खणातच असतं. दिवसाउजेडी या, संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात ही चाचणी नीट होत नाही.