फुकट चाचणीचा हिशेब मांडून पाहा

परीक्षेची जाहिरात निघाली की आठवडाभरातच टेस्ट सिरीजची पत्रके घरोघर येऊ लागतात. पूर्वी ती अभ्यासिकेच्या भिंतीला चिकटवलेली असत, आता मोबाइलवर येतात, पण मजकुराचा साचा तोच असतो. वर निवड झालेल्या मुलामुलींचे फोटो असतात, खाली ‘नमुना पेपर सोडवा, आपले विश्लेषण मिळवा, सात दिवस मोफत’ असे लिहिलेले असते. आपल्या वस्तीतील अनेक आईबाप या पत्रकांकडे बघून विचारतात की बाबा, पैसे भरावेत की नाही. सर्वच सिरीज वाईट असतात असे मुळीच नाही. वेळ लावून पेपर सोडविल्याशिवाय परीक्षेचा हात बसत नाही, हे खरे आहे. पण जो नमुना फुकट दिला आहे तोच नीट तपासला, तर विकत घ्यावयाचा माल कसा आहे हे बरेचसे कळते.

उदाहरण म्हणून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची गट क सेवेची पूर्व परीक्षा घेऊ. शंभर प्रश्न, शंभर गुण आणि एक तास. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि एका चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यांवरच आहे.

प्रथम नमुना पेपर पाहू. मला दाखविण्यात आलेल्या एका पेपरात प्रश्न होता, ‘पुणे करार कोणत्या वर्षी झाला?’ उत्तर १९३२. आपल्या घरातले शाळकरी पोरही हे सांगेल. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या तर दिसेल की असे सरळ प्रश्न येतात, पण त्यांच्या जोडीला विधानांचे प्रश्नही पुष्कळ असतात. म्हणजे तीन विधाने द्यायची आणि त्यांतील योग्य कोणती ते विचारायचे. याच विषयावर तसा प्रश्न असा होईल : (अ) करारावर गांधीजींची सही आहे. (ब) प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्य वर्गासाठी १४८ राखीव जागा ठरल्या. (क) स्वतंत्र मतदारसंघ कायम राहिले. यांत फक्त ‘ब’ बरोबर आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात सह्या झाल्या त्या बाबासाहेबांच्या, मदनमोहन मालवीयांच्या आणि इतर पुढाऱ्यांच्या. गांधीजींनी स्वतः सही केलेली नाही. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. ज्याने फक्त साल पाठ केले तो इथे अडकतो.

मग पत्रकाबरोबरचा पेपर इतका सोपा का? कारण फुकट चाचणीत सत्तर-ऐंशी गुण पडले की मुलगा खूष होतो आणि पैसे भरायला तयार होतो. काही जण उलटे करतात. पेपर मुद्दाम अवघड काढतात, मुलाला पस्तीस गुण पडतात, आणि घाबरून तो पैसे भरतो. दोन्ही पेपर परीक्षेसारखे नसतात. तपासायचे असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावरून मागील दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका उतरवून घ्या. त्या फुकट आहेत. आधी त्यांतली एक घड्याळ लावून सोडवा, मग नमुना पेपर सोडवा. दोन्हीच्या गुणांत पंधरा-वीसचा फरक पडला तर तो पेपर परीक्षेच्या तोडीचा नाही असे समजावे.

उत्तरतालिकाही तपासा. याच पेपरात पुढे विचारले होते की पुणे करारावर कोणत्या दोन नेत्यांच्या सह्या आहेत, आणि तालिकेत ‘गांधीजी व आंबेडकर’ असे उत्तर छापले होते. ते चूक आहे हे वर आलेच. एखादी चूक कोणाकडूनही होते. आयोगसुद्धा आधी पहिली तालिका जाहीर करतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका काढतो, काही वेळा प्रश्नच रद्द करतो. म्हणून सिरीजवाल्याला एकच विचारावे : चूक दाखविल्यावर तुम्ही गुण दुरुस्त करून देता का? फोनवरची व्यक्ती या प्रश्नाला काय उत्तर देते ते नीट ऐका. आणि स्पष्टीकरण वाचा. ‘पर्याय क्र. ३ बरोबर आहे’ एवढेच छापलेले असेल तर ते स्पष्टीकरण नव्हे. बाकीचे तीन का चूक, हे लिहिलेले हवे.

आता विश्लेषण. इथे मात्र जरा थांबावे लागेल, कारण रंगीत तक्त्याला आपली मुले फार लवकर भुलतात. आमच्या वस्तीतील एका मुलीने असा फुकट पेपर दिला. तिने ८८ प्रश्न सोडविले, ५२ बरोबर, ३६ चूक. ३६ चुकांचे ९ गुण वजा होऊन ४३ गुण झाले. अहवालात लिहून आले, ‘अचूकता ५९ टक्के. अंदाजाने उत्तरे देणे कमी करा.’ सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. तिने पेपर देताना प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीने खूण केली होती, म्हणून आम्हाला तो सल्ला पडताळून पाहता आला. खात्रीचे उत्तर असेल तर ‘ख’, दोन पर्याय बाद झाले आणि दोन उरले तर ‘द’, काहीच ठाऊक नसेल तर ‘अं’. वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे मला जमा आणि नावे वेगवेगळे लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून तिघांची खाती वेगळी काढली.

‘ख’ खात्यात ४० प्रश्न. ३३ बरोबर, ७ चूक. शिल्लक ३१.२५ गुण.

‘द’ खात्यात २८ प्रश्न. १४ बरोबर, १४ चूक. शिल्लक १०.५ गुण.

‘अं’ खात्यात २० प्रश्न. ५ बरोबर, १५ चूक. शिल्लक १.२५ गुण.

बेरीज ४३, म्हणजे हिशेब जुळला. अहवालाचे ऐकून तिने ‘द’ आणि ‘अं’ दोन्ही सोडून दिले असते तर अचूकता ५९ वरून ८२.५ टक्क्यांवर गेली असती, आणि गुण ४३ वरून ३१.२५ वर आले असते. तक्ता हिरवा झाला असता आणि मुलगी यादीतून खाली गेली असती. अचूकता आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. पाव गुण वजा होत असताना दोन पर्यायांत शंका असेल तर उत्तर देणे फायद्याचे असते, कारण दर दोन उत्तरांत सरासरी एक गुण मिळतो आणि पाव जातो. चारही पर्याय अनोळखी असतील तर सरासरीने नफा अगदी नाममात्र राहतो, सोळा प्रश्नांत एक गुण. त्यातही नशीब असते. तिचे वीसपैकी पाचऐवजी तीनच बरोबर आले असते तर सव्वा गुण मिळण्याऐवजी सव्वा गुण गेला असता.

मग गळती कुठे होती? एक, खात्रीच्या सात चुकांत. त्या परत वाचल्या तेव्हा पाच ठिकाणी तिने ‘अयोग्य विधान कोणते’ हा प्रश्न ‘योग्य’ असा वाचला होता. अशी एक चूक सुधारली की एक गुण मिळतो आणि पाव वजा होण्याचा वाचतो, म्हणजे सव्वा गुण. पाच चुकांचे ६.२५ झाले. दोन, वेळेत. ‘अं’ खात्यातल्या वीस प्रश्नांवर ती प्रत्येकी सुमारे चाळीस सेकंद अडून बसली. तेरा मिनिटे गेली आणि हाती सव्वा गुण आला. इकडे शेवटचे बारा प्रश्न अंकगणिताचे होते, ते कोरे राहिले. घरी सोडवले तेव्हा बारापैकी नऊ बरोबर आले, म्हणजे ८.२५ गुण. दोन्ही मिळून ४३ चे ५७.५ होतात, आणि त्यासाठी नवीन एकही धडा वाचावा लागला नाही. यातले अहवालात काहीच आले नव्हते. तेथे फक्त ‘इतिहास कच्चा, अंकगणित न सोडविलेले’ एवढे होते. मुलगी घाबरून इतिहासाचे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसली होती!

मोबाइलवरील चाचणीत आणखी एक गोष्ट मोजली जात नाही. ही परीक्षा ओएमआर उत्तरपत्रिकेवर असते. एक वर्तुळ नीट भरायला पाच सेकंद धरली तर ८८ वर्तुळांना सात मिनिटांहून अधिक लागतात. बोटाने टिचकी मारून तासात संपविलेला पेपर परीक्षेत त्रेपन्न मिनिटांचाच असतो. म्हणून निदान चार पेपर छापील घेऊन वर्तुळे भरून सोडवावेत.

त्याच अहवालात ‘तुम्ही ९१ पर्सेंटाइलवर आहात’ असेही होते. १४०० जणांनी चाचणी दिली आणि १२६ जण पुढे, असा त्याचा अर्थ. पण फुकट आहे म्हणून उघडून चार प्रश्नांत बंद करणारेही त्या १४०० मध्ये मोजले जातात. ते ६०० असतील असे धरले तर खरोखर पेपर देणाऱ्या ८०० जणांत तिचे स्थान ८४ च्या आसपास येते. म्हणून विचारावे की निम्म्याहून अधिक प्रश्न सोडविणारे किती होते. आणि कट-ऑफ तर जागा, प्रवर्ग आणि प्रत्यक्ष बसलेले उमेदवार यांवर ठरतो, सिरीजच्या पर्सेंटाइलवर नव्हे.

आता ‘सात दिवस मोफत’. नाव नोंदविताना एक-दोन रुपये भरायला सांगितले आणि त्याबरोबर ऑटोपेची परवानगी मागितली, तर आठव्या दिवशी पूर्ण फी खात्यातून जाऊ शकते. ही परवानगी यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट या ठिकाणी दिसते आणि तेथूनच रद्द करता येते. सिरीजचे ॲप मोबाइलवरून काढून टाकल्याने ती रद्द होत नाही, हे मुलांना सांगा. रक्कम जाण्याच्या २४ तास आधी सूचना येते, ती जाहिरात समजून पुसून टाकू नका. परीक्षा पुढे ढकलली तर सिरीजची मुदतही वाढते का, आणि प्रश्न मूळ मराठीत काढले आहेत की इंग्रजीवरून ओढूनताणून आणले आहेत, एवढे त्या सात दिवसांत बघून घ्यावे.

राहिले फोटो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक नियम काढले. ५० हून अधिक विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या संस्थांना ते लागू आहेत. यशस्वी उमेदवाराचा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम, किती मुदतीचा, फी भरून घेतला की नाही, हे जाहिरातीत सांगायला हवे. कारण पुष्कळदा तो उमेदवार फक्त मुलाखतीच्या फुकट सरावाला आलेला असतो, पूर्व परीक्षेची सिरीज त्याने पाहिलेलीही नसते. तशी माहिती पत्रकावर नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पत्रक, पैसे भरल्याची पावती आणि अहवाल यांची छायाचित्रे जपून ठेवली असतील तर ती तक्रार लिहायला दहा मिनिटे लागतात.