कट नाही, म्हणून काय झालं?

गेल्या वर्षी आम्ही भंडाऱ्याच्या पाच पोरांनी एक शॉर्ट फिल्म केली आणि एका स्पर्धेत पाठवली. फिल्म पाच मिनिटांची, एकाच शॉटमध्ये. परीक्षकांपैकी एकाने फोनवर विचारलं, "तुम्ही फॉर्ममध्ये वन टेक लिहिलंय, पण कॅमेरा तर हललाच नाही?" स्पर्धेचं नाव सांगत नाही. पण त्या प्रश्नाशी माझं भांडण आहे, आणि ते इथे मांडतो.

आपल्या पिढीने वन टेक म्हणजे मॅरेथॉन समजून घेतली आहे. किती मिनिटं, किती माणसं, कॅमेरा खिडकीतून कसा गेला. रीलवर पडद्यामागचे व्हिडिओ बघून आपण वा वा करतो. मी दिवसा पुण्यातल्या कंपनीसाठी घरून कोड लिहितो, त्यामुळे अवघड गोष्ट जमल्याचा आनंद मला कळतो. पण अवघड असणं हे काही करण्याचं कारण नव्हे.

२०२५ मध्ये आलेली 'अ‍ॅडोलसन्स' सगळ्यांनी पाहिली आहे. चार भाग, प्रत्येक भाग एका टेकमध्ये. एका भागाला साधारण तीन आठवडे दिले होते. आधी नटांच्या तालमी, मग कॅमेरा, आवाज आणि प्रकाशवाल्यांसकट तालमी, आणि शेवटी दिवसाला दोन याप्रमाणे पूर्ण टेक. पहिल्या भागाचा दुसराच टेक वापरला गेला, चौथ्या भागाचा सोळावा. तिथे या हट्टाला कारण होतं. पहाटे पोलीस दार फोडून आत येतात आणि तेरा वर्षांच्या पोराला गाडीत घालून ठाण्यात नेतात. त्या घरच्यांना मधे श्वास घ्यायला जागा मिळत नाही, म्हणून आपल्यालाही मिळत नाही. माझी तक्रार त्या मालिकेबद्दल नाही. तिची नक्कल करणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यांच्यात पहिला नंबर माझाच.

आमची गोष्ट धान खरेदी केंद्रावरची. शेतकरी धान घेऊन येतो, रांगेत थांबतो, ओलावा सतरा टक्क्यांवर निघतो आणि माल परत न्यावा लागतो. मी सात मिनिटांचा फिरता शॉट आखला: रस्त्यावरच्या ट्रॅक्टरांच्या रांगेपासून सुरुवात, पोत्यांच्या थप्प्यांमधून गोदामात, काट्यापाशी, बाबूच्या टेबलापाशी, आणि शेतकऱ्यामागे पुन्हा बाहेर.

आधी रिकाम्या जागेत फोनवर वेळ लावून चाललो. संवाद साडेचार मिनिटांचे, चालणं अडीच मिनिटांचं. ती अडीच मिनिटं मोकळी दिसू नयेत म्हणून मी वाटेतल्या माणसांच्या तोंडी गप्पा लिहिल्या. इथेच शंका यायला हवी होती, कारण त्या गप्पा गोष्टीला नको होत्या, कॅमेऱ्याला हव्या होत्या. मग जमिनीवर खडूच्या खुणा केल्या, कोण कुठल्या वाक्याला कुठे पोचेल ते ठरवलं. माईकवाला आणि मी कॅमेऱ्याच्या पाठीमागेच राहून वळायचं, ही कवायत वेगळी.

प्रकाशाने छळलं. दुपारी बाहेर रखरखीत ऊन आणि गोदामात काळोख. एक्सपोजर ऑटोवर ठेवलं तर आत शिरताना चित्र डोळ्यांदेखत उजळतं, लॉक केलं तर आत सगळं काळं. म्हणून संध्याकाळ निवडली, जेव्हा आतबाहेरचा फरक कमी होतो. ती वेळ जेमतेम चाळीस मिनिटांची. टेक सात मिनिटांचा, आणि ट्रॅक्टर, पोती, माणसं पुन्हा जागेवर आणायला पंधरा मिनिटं. म्हणजे रोज दोनच टेक. चार संध्याकाळी आठ टेक झाले. एकदा सहाव्या मिनिटाला हमाल कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि सगळं पाण्यात. त्यानंतर शेवटच्या दोन मिनिटांत सगळे नट जपून, घाबरत बोलायला लागले. लांब टेकची ही ठरलेली खोड आहे: जसजसा शेवट जवळ येतो तसा अभिनय मागे पडतो आणि चूक टाळणं पुढे येतं.

आठवा टेक बिनचूक झाला. रात्री घरी लॅपटॉपवर लावला. आमचा शेतकरी झालेला काका झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो. मंडईच्या रात्री दहाला उभा राहिलेला माणूस पहाटेपर्यंत स्टेजवर असतो, त्याला न थांबता काम करण्याचं कौतुक कशाला असेल? तो बघून म्हणाला, "मी त कॅमेऱ्याची वाट पायतो ना बाबू, सायबाची नाही."

बरोबर होतं. कॅमेरा पोचला की बाबू लिहायला लागतो, कॅमेरा वळला की रांग हलते. आणि मुख्य म्हणजे, आमची फिल्म थांबण्याबद्दल होती. फिरत्या कॅमेऱ्याला कुठेच थांबावं लागत नव्हतं. तो रांग मोडून सगळ्यांच्या पुढे जात होता.

मग मी चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' पुन्हा पाहिला. २०१४ चा मराठी सिनेमा, व्हेनिसला ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट ठरलेला. छायालेखक मृणाल देसाई. कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर. न्यायाधीश नोंद सांगतात, टंकलेखक टाइप करतो, वकील कलमं वाचतात, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तो नारायण कांबळे त्याच चौकटीत गप्प उभा. वीरा साथीदारांनी ती भूमिका केली, ते नागपूरचे. क्लोजअप लावले असते तर कुणाकडे बघायचं ते दिग्दर्शकाने ठरवलं असतं. इथे मागच्या बाकावरचा कंटाळाही तेवढाच दिसतो. स्थिर म्हणून हे सोपं नाही. बरेच नट हौशी होते आणि एकेका शॉटचे डझनावारी टेक झाले. एकच शॉट ठेवला की एडिटिंगमध्ये लय सुधारता येत नाही. कुठे किती थांबायचं ते तालमीतच ठरवावं लागतं.

आम्ही ट्रायपॉड गोदामात ठेवला. पुढे काटा आणि टेबल, मागे दार, दारातून दिसणारी रांग. दार पांढरं पडू नये म्हणून बाहेर ताडपत्री बांधून ऊन अडवलं. रांगेतल्या प्रत्येकाला करायला एक काम दिलं, जे खरंच वेळ खाईल: पोतं शिवणं, टोकन शोधणं, घरी फोन लावणं. काकाचा नंबर तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी लागेल असं ठरवलं. दोन वाजून गेले तरी पहिल्या तालमीत तो दोन मिनिटांतच टेबलाशी पोचत होता, कारण सगळ्यांनाच घाई. पुन्हा जागेवर यायला आता दोनच मिनिटं लागत, म्हणून दुसऱ्या दिवशी एका दिवसात एकवीस टेक झाले. दहाव्यानंतर माणसं खरंच कंटाळली, आणि तेव्हाच शॉट बरा व्हायला लागला.

आमच्या स्थिर शॉटमध्येही खोट आहे. पहिला दीड मिनिट आवाज कमी पडतो, आणि नुसता कॅमेरा न हलवणं हीसुद्धा फॅशन होऊ शकते. फेस्टिव्हलमध्ये तसल्या फिल्म मी पाहिल्या आहेत. पण परीक्षकांना माझं उत्तर एवढंच होतं की आमच्या गोष्टीत चालायला कुठे जायचंच नव्हतं.

आम्ही विसावा टेक ठेवला. त्यात साधारण तिसऱ्या मिनिटाला दारातला एक म्हातारा रांगेतच उकिडवा बसतो. त्याच्या मागचा क्षणभर उभा राहतो, मग तोही बसतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.