नशिराबादच्या लग्नात अडीचशेची प्लेट ३३७ ला कशी पडते?

केटरिंगमध्ये उतरणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, प्लेटचा रेट किती लावू?" माझं मत विचाराल तर रेटच्या आधी गॅरंटीचा आकडा ठरवा. भांडण तिथेच होतं.

समजा, जळगाव-भुसावळ हायवेवर नशिराबादला एका हॉलमध्ये लग्न आहे. भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी असा मेनू. प्लेट २५० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २६२.५०. किमान गॅरंटी ४०० प्लेटची. शिवाय खापरावरच्या मांड्यांचं लाइव्ह काउंटर, त्याचे प्लेटमागे १५ रुपये आणि वर टॅक्स. जेवले ३३० जण. बिल मात्र ४०० चं: जेवणाचे १,०५,०००, काउंटरचे ६,३००. जेवलेल्या माणसामागे सुमारे ३३७ रुपये झाले. वधूपिता म्हणणारच, "भाऊ, तुम्ही तर अडीचशे बोलले होते ना?"

गॅरंटी घेणं चूक नाही. वांगी भाजून झाली, बट्ट्या तळून झाल्या की पाहुणे कमी आले म्हणून तो खर्च परत येत नाही. पण पार्टी पाहुणे नेहमी वाढवूनच सांगते. त्यांनी ४०० सांगितले तर गॅरंटी ३४० ची घ्या, रेट हवा तर दहा रुपये जास्त ठेवा. पक्का आकडा दोन दिवस आधी, भाजीपाला भरण्यापूर्वी लिहून घ्या. गॅरंटीच्या वरच्या प्लेटा मोजून त्याच रेटने लावा. मोजायच्या कशा? पंगत बसायच्या आधी ताटं मोजा, शेवटी उरलेली मोजा, आणि दोन्ही वेळी त्यांच्याकडचा एक माणूस सोबत उभा करा.

काउंटरचा चार्ज प्लेटवर लावणं मला पटत नाही. मांड्याचा खर्च पुरणाचा कमी आणि हाताचा जास्त. एका मांड्याला तीन मिनिटं धरली तर एका खापरावर दोन तासांत चाळीसच मांडे होतात. एकाचे चार तुकडे केले तरी १६० जणांना पुरतील. म्हणजे ३३० जणांसाठी दोन खापरं, दोन मांडे करणाऱ्या बाया, दोन मदतनीस. ही मजुरी २०० आले काय नि ३०० आले काय, तेवढीच. म्हणून 'प्रति खापर इतके रुपये' असं सरळ लिहा. एकाच खापरावर भागवलंत तर रांग लागते, आणि नाव तुमचंच खराब होतं.

टॅक्सचं एक लक्षात ठेवा. जीएसटी नोंदणी नसेल किंवा कंपोझिशनमध्ये असाल, तर गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. ५ टक्के लावणाऱ्यालाही गॅस सिलिंडरवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, तो खर्च रेटमध्येच धरावा लागतो. आणि कोटेशनवर नुसतं '२५० + टॅक्स' लिहू नका. 'टॅक्ससह २६२.५०, किमान ३४० प्लेट, एकूण किमान ८९,२५०, मांडे काउंटर वेगळं' एवढं लिहून खाली पार्टीची सही घ्या.